घरचा काळा चहा गवती आणि पाणचट का होतो?

प्रश्न: आम्ही कोटगिरीला राहतो. कुंपणालगत चहाची जुनी झाडं आहेत. सकाळी एक किलो पाला तोडला, चार तास उन्हात पसरला, पंधरा मिनिटं हाताने चोळला, तीन तास ओल्या फडक्याखाली ठेवला आणि ओव्हनमध्ये वाळवला. २४० ग्रॅम चहा निघाला. पत्ती छान तपकिरी झाली, पण चहा गवतासारखा लागतो आणि पाणचट होतो. फर्मेंटेशन अजून किती वाढवू? आणि ‘दोन पानं, एक कळी’ हे खरंच लागतं की नुसती जाहिरात? आम्ही डहाळी चार-पाच पानांसकट तोडतो.

उत्तर: फर्मेंटेशन वाढवू नका, उलट बरंच कमी करा. तुमच्या चहाचं बिनसलंय ते फडक्याखालच्या तीन तासांत नाही, त्याच्या आधी. टोपलीत काय आलं, ते कसं कोमेजलं आणि चोळताना पेशी फुटल्या का, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतील. मी निलगिरीतच चहाच्या कारखान्यात उत्पादनाचं काम बघतो, ऑर्थोडॉक्स म्हणजे पान वळून केलेला चहा आणि सीटीसी म्हणजे यंत्रात चिरडून केलेला दाणेदार चहा, दोन्ही. कामावर नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, किती मिनिटं ठेवायचं? मिनिटं सांगता येतात, पण ती त्या दिवशीच्या पाल्याची असतात. तुमची झाडं बियांपासूनची आहेत की क्लोन, तोडणीच्या आदल्या दिवशी पाऊस होता का, घरात किती गारवा असतो, हे मला इथून दिसत नाही. तेव्हा पुढचे आकडे अंदाज म्हणून घ्या. कारणं मात्र सगळीकडे तीच आहेत.

पाणचट आणि गवती या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पाणचट म्हणजे पानातल्या कच्च्या मालाचं चहात रूपांतर नीट झालं नाही, किंवा झालेलं टिकलं नाही. गवती म्हणजे पानाचा काही भाग हिरवाच राहिला. दोन्ही एकाच कपात आल्या, याचा अर्थ तुमच्या फडक्याखाली एक नाही, दोन चहा होते. एक वेळ उलटून गेलेला आणि दुसरा सुरूच न झालेला. हे कसं घडतं ते कळायला थोडं रसायनशास्त्र बघावं लागेल.

चहाच्या कोवळ्या शेंड्यात कोरड्या वजनाच्या साधारण पाव भाग पॉलिफेनॉल असतात आणि त्यातले बहुतेक कॅटेचिन या गटातले. त्यांना रंग नसतो, चव कडवट-तुरट असते. पेशीच्या मध्ये पाण्याने भरलेली एक पिशवी असते, त्यात हे कॅटेचिन साठवलेले असतात. त्यांच्यावर काम करणारं एन्झाइम, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, वेगळ्या खोलीत असतं, मुख्यतः हरितलवकांत. पान धडधाकट आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. चोळून पडदे फाटले, रस एकत्र झाला आणि हवा मिळाली की एन्झाइम कॅटेचिनचं ऑक्सिडीकरण करतं आणि क्विनोन तयार होतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच कुळातल्या एन्झाइममुळे. कारखान्यात या टप्प्याला फर्मेंटेशन म्हणत असले तरी यात जंतूंचं काही काम नाही.

क्विनोन स्वस्थ बसत नाहीत, ते एकमेकांशी जुळतात. चहातले मुख्य चार कॅटेचिन दोन जातींचे आहेत. एपिकॅटेचिन आणि त्याचा गॅलेट ही एक जात, एपिगॅलोकॅटेचिन आणि त्याचा गॅलेट ही दुसरी. एका जातीचा एक आणि दुसऱ्या जातीचा एक अशी जोडी जमली की थिआफ्लेविन तयार होतं. जोड्या चार प्रकारे जमतात, म्हणून थिआफ्लेविनही प्रामुख्याने चार. रंग सोनेरी-नारिंगी. कपाच्या कडेला जी चमकदार कडी दिसते ती यांची, आणि घोट घेतल्यावर जिभेला तरतरी आणणारा जो जिवंत तुरटपणा असतो तोही यांचाच. कोरड्या चहात हे असतात एक-दोन टक्के, पण टेस्टर चहाला भाव देतो तो मुख्यतः या एक-दोन टक्क्यांना बघून. उरलेले कॅटेचिन आणि क्विनोन एकमेकांत गुंतत जाऊन थिआरुबिजिन नावाचा मोठा, गुंतागुंतीचा, तांबूस-तपकिरी गट तयार होतो. कोरड्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्के तो भरतो. चहाचा गडद रंग आणि तोंडात जाणवणारा भरीवपणा त्याचा. १९५० च्या दशकात ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी हे दोन गट वेगळे करून दाखवले आणि चहाची रसायनं अजूनही बरीचशी त्याच चौकटीत समजावली जातात.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की थिआफ्लेविन हा मधला मुक्काम आहे. ते तयार होत असतानाच मोडतही असतं, कारण साध्या कॅटेचिनचे क्विनोन थिआफ्लेविनलाही सोडत नाहीत. सुरुवातीला कच्चा माल भरपूर असतो म्हणून तयार होण्याचा वेग जास्त. कच्चा माल संपत आला की मोडण्याचा वेग वरचढ होतो. म्हणून थिआफ्लेविन चढतं, शिखर गाठतं आणि उतरतं. थिआरुबिजिन मात्र वाढतच राहतं, पत्ती तपकिरी होतच राहते. तुम्ही पत्तीचा रंग बघून समाधान मानलंत, पण तो रंग शिखर ओलांडल्यावरही तसाच सुंदर दिसतो, किंबहुना जास्तच.

आता टोपलीकडे. ‘दोन पानं, एक कळी’ यात जाहिरात आहेच, पण खाली कारण पक्कं आहे. फक्त लोक जे कारण समजतात ते अपुरं आहे. सगळे सांगतात की कोवळ्या पानात पॉलिफेनॉल जास्त. खरं आहे. कळी आणि पहिल्या पानात कोरड्या वजनाच्या सुमारे २६ टक्के, दुसऱ्या पानात २१ च्या आसपास, तिसऱ्यात १७, चौथ्यात १४-१५ आणि देठात ११. आता हिशेब मांडून बघू. समजा दोन पानं-एक कळीच्या तोडणीत कोरड्या वजनाचा ४० टक्के भाग कळी आणि पहिलं पान, ४० टक्के दुसरं पान आणि २० टक्के देठ आहे. सरासरी येते २१ टक्के. तुमच्या चार पानांच्या डहाळीत समजा कळी-पहिलं पान २०, दुसरं पान २०, तिसरं-चौथं मिळून ४० आणि देठ २०. सरासरी १८ च्या जवळ. म्हणजे २१ विरुद्ध १८. एवढ्या फरकाने चहा थोडा हलका व्हायला हवा, पाणचट आणि गवती नाही.

मग बाकीचं नुकसान कुठून येतं? एक तर नुसतं पॉलिफेनॉल असून भागत नाही, ते घडवणारं एन्झाइमही हवं, आणि त्याचा जोरही पान जून होत जाईल तसा कमी होतो. दुसरं, जून पानात स्निग्ध पदार्थ जास्त असतात. पान कोमेजताना आणि चुरगळताना त्यातली मेदाम्लं तुटून हेक्झेनालसारखे लहान रेणू तयार होतात. ताज्या कापलेल्या गवताचा जो वास येतो तो त्यांचाच. थोडे असले तर चहाला ताजेपणा देतात, जास्त झाले की तुम्ही म्हणता तसा चहा. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डहाळी जितकी लांब, तितका माल आतून वेगवेगळा. कळी मऊ आणि पातळ, चौथं पान चामड्यासारखं, देठ लाकडाकडे झुकलेला. पुढची प्रत्येक पायरी या सगळ्यांना एकाच वेळापत्रकात बसवते. कोमेजण्याची वेळ एक, चोळण्याचा दाब एक, फडक्याखालची मिनिटं एक. मग कळीला जे योग्य ते चौथ्या पानाला अपुरं आणि चौथ्या पानाला जे योग्य ते कळीला घातक. तोडणीचा दर्जा सांभाळायचा तो मुख्यतः माल एकसारखा राहावा म्हणून.

इथे कुणी म्हणेल, निलगिरीतले विकत पाला घेणारे कारखाने तर लहान शेतकऱ्यांकडून जाडाभरडा पालाही घेतात आणि त्याचा चहा करतात. करतात, कारण त्यांच्याकडे सीटीसी मशीन आहे. आसामात १९३० च्या सुमारास आलेल्या या यंत्रात दातेरी रुळांची जोडी असते. एक रूळ दुसऱ्याच्या साधारण दहापट वेगाने फिरतो, पाला दोघांच्या फटीतून जाताना चिरडतो, फाटतो आणि वळतो. असे तीन-चार कट लागोपाठ दिले की जून पानाच्या पेशीही शिल्लक राहत नाहीत. तरी जून पाल्याचा तंतू आणि हलकी फोलपटं चाळणीवर दिसतातच आणि लिलावात त्याचा भाव पडतोच. तुमच्याकडे फक्त तळहात आहेत. म्हणजे तोडणीचा नियम कारखान्यापेक्षा तुम्हाला जास्त लागू आहे.

तुमचा पाला नेमका कसा आहे ते मोजता येतं. ढिगात वर-खाली हात घालून चार-पाच ठिकाणचा मिळून १०० ग्रॅम पाला घ्या आणि दोन ढीग करा. एका ढिगात कळीसकट एक किंवा दोन पानं, मऊ तिसरं पान असलेली डहाळी, आणि मऊ बांझी, म्हणजे कळी झोपलेली पण पान अजून कोवळं असलेला शेंडा. दुसऱ्या ढिगात बाकी सगळं. तिसरं पान मऊ की जून हे डोळ्यांनी ठरवू नका, देठ वाकवून बघा. कट्‌ करून स्वच्छ तुटला तर मऊ, वाकून राहिला किंवा सालीने लोंबकळला तर जून. मग दोन्ही ढिगांचं वजन करा. डहाळ्या मोजू नका, कारण एक जून डहाळी तीन कोवळ्यांएवढी भरते आणि मोजणीत फसवते. पहिला ढीग ७० ग्रॅमच्या वर गेला तर हाताने चहा करण्याजोगा पाला आहे. तुमच्या वर्णनावरून तो ४० च्या आसपास असेल असं वाटतं.

तोडल्यावर पाला पिशवीत दाबून भरू नका. तोडलेलं पान श्वास घेत असतं आणि गरम होतं. कोंबलेल्या पोत्याच्या मधोमध हात घाला, चटकन कळेल. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की पानं आतल्या आत लाल पडायला लागतात, म्हणजे ऑक्सिडीकरण तुमच्या परवानगीशिवाय सुरू झालेलं असतं. असा लाल पाला वेचून टाका. तो पुढे नीट होत नाही.

आता विदरिंग, म्हणजे पाला कोमेजू देणं. यात दोन कामं एकाच वेळी चालतात आणि उन्हात ठेवून तुम्ही त्यातलं एकच उरकलंत, तेही अर्धवट. पहिलं काम पाणी कमी करण्याचं. ताज्या पाल्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. तसंच चोळलं तर पान तुटतं, रस खाली गळतो आणि त्याच्याबरोबर कॅटेचिनही जातात. ओलावा कमी झाला की पान लवचीक होतं, वळतं, आणि रस दाट होऊन पानालाच चिकटून राहतो. दुसरं काम वेळेचं. पान मरायला लागतं तसं प्रथिनं तुटून अमिनो आम्लं सुटतात, साखरेला बांधलेले लिनालूल आणि जिरॅनिऑलसारखे सुगंधी रेणू मोकळे व्हायच्या वाटेवर येतात, पेशींचे पडदे सैल पडतात. ही अमिनो आम्लं पुढे क्विनोनशी आणि ड्रायरच्या उष्णतेत साखरेशी मिळून चहाला फळांचा, फुलांचा, भाजल्याचा गंध देतात. पाणी उन्हात झटपट उडवता येतं, हे दुसरं काम मात्र तास मागतं. कारखान्यात आम्ही जाळीच्या लांब हौदांवर पाला पसरतो, खालून पंख्याने हवा देतो आणि साधारण १२ ते १८ तास घेतो. चार तासांत वजन उतरलं तरी चव तयार होत नाही.

उन्हाचा दुसरा त्रास असा की पातळ पानांच्या कडा कुरकुरीत होतात आणि देठ ओलाच राहतो. कुरकुरीत झालेल्या भागात एन्झाइमचा जोर कमी झालेला असतो आणि त्याला काम करायला पाणीही उरत नाही. तो भाग हिरवट-तपकिरी रंगावरच अडकतो.

किती कोमेजवायचं हे वजनाने ठरवा. एक किलो पाल्यात ७८ टक्के पाणी धरलं तर कोरडा माल २२० ग्रॅम. हा आकडा बदलत नाही, बदलतं ते फक्त पाणी. हाताने चोळण्यासाठी ओलावा ६० टक्क्यांवर आणायचा, म्हणजे कोरडा माल एकूण वजनाच्या ४० टक्के झाला पाहिजे. २२० ला ०.४० ने भागा, ५५० ग्रॅम. सीटीसीसाठी आम्ही ७० टक्क्यांवर थांबतो, तिथे हाच पाला ७३० ग्रॅमच्या आसपास असतो. त्याने थिआफ्लेविनला फायदा होतो पण वास थोडा बेताचा राहतो. दार्जिलिंगवाले याच्या उलट टोकाला जातात आणि खूप कडक कोमेजवतात, म्हणून त्यांच्या चहाला वास जास्त आणि कपात रंग कमी. तुम्ही मधे राहा. पाऊस पडून गेल्यावर तोडलेल्या पाल्यावर बाहेरचंच पाणी असतं, तेव्हा आधी ते निथळू द्या आणि मगच पहिलं वजन घ्या, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.

वजन ५५० वर आलं तरी हातानेही तपासा. मूठभर पाला घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहून सावकाश उलगडला पाहिजे. लगेच उसळून उघडला तर कच्चं आहे, चुर्र वाजलं तर जास्त झालं. देठ वाकवा, तुटता कामा नये. वास घ्या. कच्च्या गवताचा वास मागे पडून सफरचंदाकडे झुकणारा गोडसर वास येऊ लागतो, तो आल्याशिवाय पुढे जाऊ नका. वजन बरोबर आणि तरी देठ कडकडीत, असं झालं तर पाला एकसारखा नाही. सरासरी ६० टक्के आली खरी, पण ती ५० टक्क्यांची पानं आणि ७५ टक्क्यांचे देठ मिळून. इथे पुन्हा गाडी टोपलीकडेच वळते.

चोळण्याला तुम्ही पंधरा मिनिटं दिलीत, ती फार कमी आहेत. बाहेरून पान काळपट-हिरवं आणि चिकट दिसायला लागतं म्हणून वाटतं झालं. चोळलेलं एक पान उलगडून उजेडासमोर धरा. शिरांच्या मधे हिरवे, कोरडे, अखंड पट्टे दिसले तर तिथल्या पेशी फुटलेल्याच नाहीत आणि ते फडक्याखाली दिवसभर ठेवले तरी हिरवेच राहतील. तुमच्या कपातला गवतीपणा बहुधा या पट्ट्यांतून आला. वेताच्या खडबडीत सुपात किंवा चटईवर गोळा करून तळहाताच्या टाचेने गोल फिरवा. सुरुवातीला दाब हलका, नाहीतर पानं वळण्याऐवजी तुटतात. दहा-पंधरा मिनिटांनी गोळे फोडून सगळं मोकळं करा, कारण गोळ्याच्या आत हवा जात नाही आणि ऊब साठते. बारीक झालेला माल बाजूला काढा, उरलेला पुन्हा जोर लावून चोळा. कारखान्यात आम्ही रोलरमधून काढलेला पाला असाच चाळतो आणि वरचा भरड भाग दुसऱ्यांदा रोलरमध्ये घालतो. असं एकूण ४०-४५ मिनिटं चालू द्या. रस बोटांना चिकटला पाहिजे, पण सुपात ठिबकायला नको. ठिबकला तर विदरिंग कमी पडलं, पुढच्या वेळी ५५० च्या थोडं खाली जा.

आणि घड्याळ इथपासूनच लावा. तुम्ही वेळ मोजता फडकं घातल्यापासून, पण ऑक्सिडीकरण पहिली पेशी फुटल्याक्षणी सुरू होतं. चोळण्याचा पाऊण तास जमेस धरला तर त्यानंतर फडक्याखाली एक ते दीड तास पुरतो. घर २२-२४ अंशांवर असेल तर एका तासानंतर दर दहा मिनिटांनी तपासायचं. कोटगिरीत थंडीच्या दिवसांत खोली १६-१७ वर असेल तर वेळ वाढेल. त्याची घाई नको, कमी तापमानात थिआफ्लेविनचं शिखर उशिरा येतं पण बरं येतं. उबदार जागेत, चुलीशेजारी वगैरे ठेवून वेग वाढवला तर शिखर लवकर येतं, खुजं असतं आणि हातातून चटकन निसटतं. माल पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जाड पसरू नका. फडकं मालाला चिकटू न देता वर ताणून ठेवा. ओलसर हवा हवी, पण ऑक्सिजन अडायला नको. मधे थर्मामीटर खुपसा. खोलीपेक्षा माल पाच-सहा अंशांनी गरम झाला असेल तर थर पातळ करा.

थांबायचं कधी हे नाक सांगतं. आधी हिरवा, उग्र वास. मग तो वळून फळासारखा, कधी गुलाबाकडे जाणारा होतो आणि एकदम भरून येतो. नंतर सपाट होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. भरून आलेला वास उतरायच्या आधी उचला. रंग तेव्हा नव्या तांब्याच्या भांड्याचा असतो, पूर्ण तपकिरी नसतो. ‘अजून थोडा कच्चा वाटतोय’ अशा वेळी उचललेला बरा, कारण ओव्हनमध्ये घातल्यावर पहिली काही मिनिटं पान गरम होत असतं आणि त्यात ऑक्सिडीकरण आणखी जोरात चालतं. उरलेलं थोडं अंतर तिथे कापलं जातं.

म्हणूनच ओव्हन आधी तापलेलं पाहिजे. ११० अंशांवर, पातळ थर, दार बोटभर उघडं म्हणजे वाफ निघून जाईल. गार ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू तापवलं तर चहा वाळण्याऐवजी आधी शिजतो, आणि तो उकडलेला सपाट वास कशानेही जात नाही. वीसेक मिनिटांनी, हाताला कोरडं लागू लागलं की ८५-९० वर आणा आणि पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. याच उष्णतेत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून काळसर फिओफायटिन होतं आणि पत्तीला काळा रंग येतो.

तुमच्या २४० ग्रॅमबद्दल. २२० ग्रॅम कोरडा माल तीन टक्के ओलाव्यावर आणला तर २२७ ग्रॅम यायला हवा होता. २४० म्हणजे आठ टक्क्यांच्या पुढे ओलावा. जून पाल्यात पाणी मुळातच थोडं कमी असतं, त्यामुळे सगळा फरक ओलाव्याचाच असेल असं नाही. शोधणं सोपं आहे. त्यातला २० ग्रॅम चहा आणखी अर्धा तास ९० अंशांवर ठेवून पुन्हा वजन करा. १९ ग्रॅम झाला तर पाच टक्के पाणी जास्त होतं आणि तो चहा डब्यात आणखी सपाट होत जाणार. राहिलेला सगळा आजच पुन्हा वाळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग हवाबंद डब्यात भरा.

पुढची बॅच जमली की नाही हे कपात बघायचं असेल तर कोरा चहा जरा कडक करा आणि गार होऊ द्या. चांगल्या चहाला गार झाल्यावर दुधाळ गढूळपणा येतो, कारण थिआफ्लेविन आणि कॅफीन गारव्यात एकमेकांना धरून बसतात. तुमचा आत्ताचा चहा गार झाल्यावरही स्वच्छ पारदर्शक राहत असेल, अशी माझी अटकळ आहे. आपल्याकडचा नेहमीचा दुधाचा चहा करूनही कळतं. थिआफ्लेविन असेल तर दूध घातल्यावर रंग केशरी-तांबूस उजळतो, नसेल तर राखाडी, मळकट दिसतो. दुधातलं केसिन तुरटपणा बराचसा शोषून घेतं, त्यामुळे दुधाच्या चहात चवीपेक्षा हा रंगच जास्त खरं सांगतो.

शेवटचा मुद्दा झाडांचा. बरेच दिवस न तोडलेल्या जुन्या झाडांवर एकसारखा पाला मिळणारच नाही, कितीही काळजीने तोडलात तरी. काही शेंडे पुढे गेलेले, काही झोपलेले. आधी कमरेच्या उंचीवर कात्रीने वरचा थर सपाट कापून घ्या आणि तो पाला चहाला वापरू नका, झाडाखालीच पसरा. नवे शेंडे वर आले की दोन पानं-एक कळी एवढंच खुडा, बांझी शेंडे दिसतील तेही मोडून टाका, म्हणजे झाड पुन्हा फुटेल. मग पावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी, थंडीत त्याहून उशिरा, त्याच झाडांवर परत या. तिसऱ्या फेरीपासूनचा पाला चहाला घ्या. एवढ्या झाडांवर एका वेळी एक किलो निघणार नाही कदाचित, पण ४०० ग्रॅम निघाला तरी चालेल. विदरिंगनंतर तो २२० ग्रॅमवर आला पाहिजे आणि वाळल्यावर ९० ग्रॅमच्या आसपास. ही तीन वजनं आणि चोळायला सुरुवात केल्यापासून ओव्हनपर्यंतची मिनिटं लिहून ठेवा आणि इथे टाका, म्हणजे नेमकं कुठे अडतंय ते सांगता येईल.